निशाणी पडली म्हणून कागद शाबित होत नाही

अध्यक्षांनी मला तीस मिनिटं दिली होती, त्यातली दहा सत्कारात गेली. शालीबद्दल तक्रार नाही. विषय आहे व्यावसायिक दाव्यातलं पुराव्याचं शपथपत्र. आधी माझी फजिती ऐका.

लोखंडी सळयांच्या व्यापाऱ्याचा 39 लाखांचा दावा. माल पोचला, पैसे आले नाहीत. पावती म्हणून 22 डिलिव्हरी चलनं. साक्षीदार मालकांचा पुतण्या, हिशेब तोच बघायचा. शपथपत्र मी एका संध्याकाळी केलं, म्हणजे दाव्याचे परिच्छेद उचलले आणि पुढे 'मी शपथेवर सांगतो की' जोडलं. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी गेल्या आठवड्यात हेच केलंय. चलनांवर निशाण्या पडल्या आणि मी खूश.

उलटतपासात तीनच प्रश्न झाले. 'सही कोणाची?' 'त्यांच्या माणसाची.' 'तुमच्यासमोर केली?' 'नाही, मी ऑफिसात असतो.' 'नाव काय त्याचं?' पुतण्या माझ्याकडे बघत म्हणाला, 'ते आमच्या ड्रायव्हरला माहीत, साहेब.'

ड्रायव्हरचं शपथपत्र द्यायला मी अर्ज केला. पण व्यावसायिक दाव्यात एका पक्षाच्या सगळ्या साक्षीदारांची शपथपत्रं एकदमच द्यायची असतात, नंतरच्याला पुरेसं कारण दाखवावं लागतं. न्यायाधीशांनी कारण विचारलं. 'सुचलं नाही' हे कारण होत नाही.

खरं तर प्रतिवादीने कागदांच्या स्वीकार-नकाराच्या निवेदनात ती चलनं आधीच नाकारली होती. ते निवेदन मी वाचलं होतं, पण वापरलं नव्हतं. आता शपथपत्राला बसताना मी तेच पुढ्यात घेतो आणि नाकारलेल्या प्रत्येक कागदासमोर लिहितो: हा होताना कोणी पाहिला? मग ड्रायव्हरचा परिच्छेद असा होतो: 'माल मी टेम्पोतून नेला. गोदामावरच्या माणसाने माझ्यासमोर चलनावर सही केली. यादीतील अनुक्रमांक 7 चा कागद तोच.' ड्रायव्हरला मराठीच येत असेल तर शपथपत्र मराठीतच करा. निशाणीचा नंबर कोर्ट देतं, म्हणून आपण यादीचा अनुक्रमांक द्यायचा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य भाग आता पळवतो.

ईमेल, टॅलीचा खातेउतारा यांच्या प्रिंटला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ आपल्या माणसाचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत हॅश. भाग अ वर सही करणारा तो संगणक खरोखर सांभाळणारा हवा, मालक नको. खातेउतारा दाखल झाला तरी नुसत्या त्याच्यावर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही, कलम 28 बघा. मूळ कागद नसेल तर तो कुठे गेला हे शपथपत्रातच लिहा, नुसती झेरॉक्स लावू नका. मुद्रांक कमी असेल तर समोरचा निशाणी पडण्यापूर्वीच हरकत घेईल, त्याआधी भरून टाका.

टपालाच्या पावत्या राहिल्या. अध्यक्ष उभे राहिलेत, तेव्हा त्या चहाच्या वेळी.