६८.६ मिलिमीटरचा डब्बा

(दृश्य: सेमिनार हॉल, दुपार. पंखे फिरतायत. क्लोज-अपमध्ये एक हात, हातात पांढरा प्लास्टिकचा डब्बा, एक कोपरा फुटलेला.)

हा डब्बा नीट बघून ठेवा, पुढची सगळी गोष्ट याचीच आहे.

बेळगावातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज. हॉलमध्ये मेकॅनिकल, सिव्हिल, ईसी, सीएस, इलेक्ट्रिकल अशी सगळ्या ब्रँचची पोरं बसलीत, कोण खानापूरहून रोज बसनं येतं, कोण निपाणीचं आणि इथं हॉस्टेलला राहतं. माइक धरून उभी आहे ती डिझाइन क्लबची कोऑर्डिनेटर, फायनल इयर मेकॅनिकलची. सगळे तिला अक्का म्हणतात, मराठीवाले पण आणि कन्नडवाले पण. शनिवार-रविवार कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर वस्तूचं डिझाइन काढायचं, वर्कशॉप आहे एवढंच सांगायचं होतं तिला, त्याला नोटीस बोर्डावर एक कागद पुरला असता. ती हा डब्बा घेऊन आली.

"कॅड म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचं काम, असं वाटतंय न्हवं तुम्हाला? मग हे कुणाचं काम होतं ते तुम्हीच सांगा की."

(दृश्य: डब्बा पुढच्या बाकावर फिरतो. एक मुलगा फुटक्या कोपऱ्यावरनं बोट फिरवतो.)

गेल्या वर्षी एका ग्रुपनं उसाच्या शेतात मातीतला ओलावा मोजायचा प्रोजेक्ट केला होता. सर्किट ईसीच्या पोरांचं, आर्डुइनो उनो बोर्डावर. प्रोग्राम सीएसचा. डब्बा एका मेकॅनिकलच्या पोरानं काढून थ्रीडी प्रिंट केला. त्यानं बोर्डाचं माप इंटरनेटवरनं घेतलं, ६८.६ बाय ५३.४ मिलिमीटर, माप बरोबरच होतं, आणि डब्ब्याची आतली जागा पण तेवढीच ठेवली, ६८.६ बाय ५३.४. स्क्रीनवर बोर्ड मस्त बसला. हातात आल्यावर बसेना. मग अंगठ्यानं दाबला आणि कोपरा थरावर थर सुटत चिरला.

डब्बा फुटका, त्यात पाऊस, बोर्ड भिजला, डेमो झाला नाही.

आता अक्का खडू घेते, आणि इथनं पुढं कॅमेरा फळ्यावरनं हलवावासा वाटला नाही आम्हाला.

(दृश्य: फळा. नोझल, त्याखाली चपटी झालेली प्लास्टिकची रेघ.)

प्रिंटर ०.४ मिलिमीटरच्या नोझलमधनं वितळलेलं प्लास्टिक सोडतो, ती रेघ खाली दबते तशी बाजूला थोडी पसरते. म्हणजे भिंत आतल्या अंगाला पण किंचित फुगते. आतला कोपरा सुद्धा धारदार काटकोनात येत नाही, वळताना नोझल हळू होतो आणि तिथं प्लास्टिक थोडं जास्त साचतं, आणि बोर्डाचा कोपरा नेमका तिथंच अडतो. त्यामुळं दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. अक्का म्हणते तिच्या प्रिंटरवर बाजूला ०.५ पुरतं, दुसऱ्या मशीनवर आधी एक छोटा तुकडा प्रिंट करून बघायचं.

"६८.६, अधिक ०.५, अधिक ०.५. किती झाले?"

मागनं कुणीतरी ओरडतं, ६९.६.

"हां. आणि हे काय नवीन न्हाई. उद्यमबागात कुठल्या पण फाउंड्रीत जाऊन विचारा, १०० मिलिमीटरचं कास्टिंग पाहिजे असलं तर पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, साधारण १०१ चा करतात, कारण लोखंड थंड होताना आकसतं. तिथला पॅटर्नवाला हे हिशोबात धरतोय, आपण का धरत न्हाई?"

(दृश्य: उनो बोर्ड, बाजूनं. यूएसबीचं सॉकेट बोर्डाच्या कडेबाहेर आलेलं.)

दुसरी चूक इथं दिसते. सॉकेट बोर्डाच्या कडेबाहेर सहा मिलिमीटरच्या आसपास येतं. त्या पोरानं त्याच्यासाठी भिंतीत चौकोनी खिडकी ठेवली होती, चारी बाजूंनी बंद. आता बोर्ड वरनं सरळ खाली सोडला तर सॉकेट भिंतीच्या काठावरच टेकतं, खिडकीत शिरणार कसं? तिरपा करून घालायला आत मोकळी जागा पाहिजे आणि ती नव्हतीच. खिडकीच्या जागी भिंतीच्या वरच्या काठापासनंच खाच ठेवली असती तर बोर्ड सरळ उतरला असता. हे ईसीच्या पोराला माहीत होतं, सॉकेट रोज त्याच्याच हातात असतंय. त्याला कुणी विचारलंच नाही.

(दृश्य: प्रोजेक्टर. फ्रीकॅडची खिडकी, त्यात एक चौकोन.)

मग लॅपटॉप. सॉफ्टवेअर फ्रीकॅड, पैसे लागत नाहीत, विंडोजवर आणि लिनक्सवर दोन्हीकडं चालतं. अक्का एक आयत काढते आणि माउसनं त्याचा कोपरा धरून ओढते. आयत कसा पण ताणला जातो, इकडं तिकडं सरकतो. बाजूला लिहून येतं की ४ गोष्टी अजून मोकळ्या आहेत: लांबी, रुंदी, आणि तो आडवा कुठं, उभा कुठं. ती समोरासमोरचे दोन कोपरे मधल्या बिंदूशी सिमेट्रिक करते, दोन गेल्या. लांबी देते, रुंदी देते, आणि सगळ्या रेघा एकदम हिरव्या होतात. आता ओढला तरी हलत नाही. पहिल्या ओळीतली सिव्हिलची मुलगी चक्क पुढं वाकून बघतेय, हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय.

पण खरी गोष्ट ह्याच्या पुढची आहे, ती ऐका. त्या ग्रुपनं नंतर डब्बा ६९.६ चा केला पण झाकण वेगळं काढलं होतं आणि त्यात आकडा हातानं टाकलेला. भिंत २ मिलिमीटरची, म्हणजे डब्बा बाहेरनं ७३.६ झाला आणि झाकण जुन्या ७२.६ वरच राहिलं. एक मिलिमीटर कमी. म्हणून अक्का आकडा स्केचमध्ये टाकतच नाही. फ्रीकॅडमध्येच एक स्प्रेडशीट उघडते, एकेका सेलला नाव देते, बोर्डाच्या लांबीला `boardL`, सोडलेल्या जागेला `gap`, भिंतीच्या जाडीला `wall`, आणि झाकणाच्या लांबीत हे लिहिते:

```
Spreadsheet.boardL + 2 * Spreadsheet.gap + 2 * Spreadsheet.wall
```

डब्ब्याच्या बाहेरच्या लांबीत पण हेच. मग `gap` चा आकडा ०.५ चा ०.६ करते. प्रोजेक्टरवर डब्बा आणि झाकण दोन्ही एकाच वेळी हलतात. हॉलमधनं जो आवाज आला तो आम्ही तसाच ठेवलाय.

"आता बघा, `boardL` ईसीवाला मोजून देणार. `gap` प्रिंटर चालवणारा सांगणार. `wall` माझं काम. डब्बा शेतातल्या खांबाला लावायचा तर भोक कुठं ठेवायचं, क्लॅम्प कसला, ते सिव्हिलचं. आणि हे सूत्र नीट लिहिणार सीएसवाला. एकजण जरी न्हाई आला तर त्याचा आकडा दुसरा अंदाजानं टाकणार, आणि मग हे," असं म्हणून ती फुटका डब्बा परत वर धरते.

वर्कशॉपचं सांगणं तिनं दोन मिनिटांत उरकलं. फ्रीकॅड घरनं टाकून या, इथल्या वायफायवर सगळ्यांनी एकदम डाउनलोड लावलं तर शनिवार त्यातच जाणार. चाकाचा माउस आणा, टचपॅडवर मॉडेल फिरवता फिरवता हात दुखतो. टीम चारजणांची, एका ब्रँचचे दोघं चालणार नाहीत. प्रिंट मात्र सगळ्यांची होणार नाही, ३० मिलिमीटर उंच डब्बा म्हणजे ०.२ चे १५० थर, एकेका डब्ब्याला तास जातात आणि प्रिंटर एकच आहे.

(दृश्य: दाराजवळचं टेबल. नावांची वही, व्हर्नियर, उनो बोर्ड.)

नाव लिहायच्या आधी बोर्ड मोजायचा, असा तिचा नियम. मघाची ती सिव्हिलची मुलगी व्हर्नियर धरते, जबडे आधी सॉकेटवर लावते, अक्का मान हलवते. मग बोर्डाच्या कडेवर लावते, डोळा जवळ नेऊन खालची जुळलेली रेघ शोधते, बराच वेळ शोधते.

"अडुसष्ट पॉइंट अठ्ठावन्न."

"लिही की मग, नावाच्या पुढं."