आठवड्याचे वार आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाची कामे

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याजवळच्या भोसरी आणि पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसरात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा, म्हणून वेगवेगळ्या भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले आणि या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे तिथला आठवडा शुक्रवारी सुरू होतो. रविवारी यंत्रे चालू असतात, पण बँका आणि सरकारी कार्यालये बंद असतात. अशा ठिकाणी वाहनांचे सुटे भाग बनवणारा, तीस-चाळीस कामगारांचा एखादा कारखाना सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाविषयी मी आज बोलणार आहे.

या व्यवस्थापकाकडे उत्पादन, गुणवत्ता, खरेदी, ग्राहक, कामगार, हिशेब आणि सरकारी भरणा असे सगळेच असते, कारण प्रत्येक कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे अशा कारखान्याला परवडत नाही. एका तासात तो कामगाराच्या रजेचा अर्ज पाहतो, पोलादाच्या दराविषयी व्यापाऱ्याशी बोलतो आणि मध्येच जीएसटीचा एखादा आकडा तपासतो. यावरचा एक उपाय म्हणजे प्रत्येक वाराला कामाचा एकच प्रकार नेमून देणे. 2011 मध्ये ट्विटर आणि स्क्वेअर या दोन कंपन्या एकाच वेळी सांभाळणाऱ्या जॅक डॉर्सी यांनी आपली हीच पद्धत जाहीरपणे सांगितली होती. त्यांचा सोमवार व्यवस्थापनाचा, मंगळवार उत्पादनाच्या घडणीचा आणि शुक्रवार कंपनीतील वातावरण व नोकरभरतीचा असे. मात्र त्यांच्या हाताखाली प्रत्येक कामासाठी माणसे होती. आपल्या व्यवस्थापकाकडे ती नसल्यामुळे त्यांचे वेळापत्रक उचलून त्याचे भागणार नाही, त्याला ते नव्याने बांधावे लागेल.

ते बांधताना बरेच जण सर्वांत महत्त्वाचे काम आठवड्याच्या पहिल्या दिवशी ठेवतात. मला ते पटत नाही. त्या कामासाठी लागणारी माणसे कोणत्या वारी भेटतात आणि कोणत्या वारी कोणी आपल्याला हाक मारत नाही, हे आधी पाहिले पाहिजे. भोसरीत हे पाहिले, तर रविवार आपोआप यंत्रांचा आणि गुणवत्तेचा ठरतो. बाहेरून येणारे फोन त्या दिवशी कमी असतात, पण कारागीर आणि यंत्रे हजर असतात. सोमवारी ग्राहकांची कार्यालये उघडतात, म्हणून तो ग्राहकांचा आणि नव्या चौकशांचा दिवस. मंगळवार हिशेबाचा आणि सरकारी कामाचा ठेवला, तर बँक किंवा कर सल्लागार यांच्याकडे काही अडले, तरी सुट्टीपूर्वी बुधवार हाताशी राहतो. बुधवारी खरेदी आणि बाहेर करून घ्यायची कामे पाहावीत, म्हणजे शुक्रवारी लागणारा माल सुट्टीपूर्वीच मार्गी लागतो. शुक्रवार उत्पादनाच्या आखणीचा आणि शनिवार कामगारांचा.

ठरलेला वार म्हणजे पूर्ण दिवस नव्हे. पाळी सुरू झाल्यावरचे पहिले दोन तास रोजच्या चालू कामाला लागतातच. त्यानंतर साडेदहा ते दीड असे तीन तास त्या दिवसाच्या विषयाला राखून ठेवता आले, तर ते पुरेसे आहे. दुपार पुन्हा सगळ्यांसाठी मोकळी असावी. त्याबरोबर प्रत्येक वाराचा एक कागद ठेवावा. शुक्रवारी कोणी ओव्हरटाइमचा प्रश्न घेऊन आले, तर तो शनिवारच्या कागदावर लिहावा आणि विचारणाऱ्याला तसे सांगावे. ‘नंतर पाहू’ असे ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, पण ‘शनिवारी अकराला’ असे ऐकलेला माणूस सहसा शनिवारीच येतो. या पद्धतीचा खरा लाभ मला इथे दिसतो, कारण पुढे ढकललेल्या प्रत्येक कामाला त्यामुळे ठरलेली वेळ मिळते.

आता अडचणीची गोष्ट पाहू. समजा, मंगळवारी अकरा वाजता, हिशेबाचे काम चालू असताना, ग्राहकाचा संदेश येतो की पाठवलेल्या मालातील चाळीस नगांचे भोक मापापेक्षा मोठे आहे. ही तक्रार रविवारच्या कागदावर लिहून हिशेबाकडे वळणे हा शुद्ध बेजबाबदारपणा ठरेल. पण सगळे सोडून दोन दिवस तिच्याच मागे लागण्याचीही गरज नसते, कारण या कामाचे दोन भाग पडतात. पहिला भाग चुकीचा माल पुढे जाऊ न देण्याचा. गोदामातील, यंत्रावरील आणि वाटेवरील त्याच भागाचा साठा वेगळा काढायचा, प्लग गेजने एकेक नग तपासायचा आणि काय केले ते ग्राहकाला कळवायचे. वाहन उद्योगातील ग्राहक याची अपेक्षा बहुधा चोवीस तासांत करतात, तेव्हा हे त्याच क्षणी हाती घ्यावे लागते. दुसरा भाग मूळ कारण शोधण्याचा. त्यासाठी हत्यार कधी बदलले याची नोंदवही, त्या पाळीतील मापांच्या नोंदी आणि यंत्र चालवणारा कारागीर हे तिन्ही एकत्र लागतात आणि शांत वेळही लागतो. तो रविवारी मिळतो. ग्राहकाने रविवारच्या आत कारण मागितले, तर अर्थातच रविवारची वाट पाहायची नाही. यंत्र थांबले, गाडी अडली किंवा माणसाला इजा झाली, तर वार पाहू नये, हा नियम सर्वांना आधीच सांगून ठेवलेला बरा.

दुसरी अडचण तारखांची आहे. सरकारी मुदती वार पाहून येत नाहीत. दरमहा भरणा करणाऱ्या कारखान्याला साधारणपणे 7 तारखेपर्यंत टीडीएस, 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1, 15 तारखेपर्यंत भविष्यनिर्वाह निधी आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी, अशा मुदती पाळाव्या लागतात. त्यासाठी मंगळवारचा एक साधा नियम करता येतो. पुढच्या मंगळवारपर्यंत, तो दिवस धरून, जी मुदत संपते तिचे काम आजच उरकायचे. महिन्यातले मंगळवार 3, 10, 17 आणि 24 तारखेला आले, तर टीडीएस 3 तारखेलाच भरला जातो, जीएसटीआर-1 आणि भविष्यनिर्वाह निधी ही दोन्ही कामे 10 तारखेला येतात, तर जीएसटीआर-3बी 17 तारखेला. यात 10 तारखेचा मंगळवार जड होतो, म्हणून 3 तारखेला हाती थोडा वेळ उरला, तर विक्रीच्या बिलांची जुळवाजुळव तेव्हाच सुरू करावी.

ही पद्धत बिघडू लागली आहे, हे वारांच्या कागदांवरूनच कळते. एखादी नोंद सलग तीन आठवडे त्याच कागदावर पुढे सरकत राहिली, तर वार बदलून उपयोग होत नाही. ते काम एक तर दुसऱ्याला सोपवायला हवे किंवा आपण ते करणार नाही, असे स्पष्ट सांगायला हवे. मात्र एखाद्या विषयाचे प्रश्न नेहमी त्याचा दिवस उलटल्यावर दुसऱ्याच सकाळी येऊ लागले, तर तो वारच चुकलेला असतो. ग्राहकांची मागणीपत्रके शनिवारी येत असतील आणि आखणी शुक्रवारी होत असेल, तर ती आखणी दर आठवड्याला दोनदा करावी लागेल. अशा वेळी शुक्रवार आणि शनिवार यांची अदलाबदल करावी.

सणाच्या सुट्टीमुळे किंवा लेखापरीक्षणामुळे एखादा वार हातून गेला, तर त्याचे सगळे काम दुसऱ्या दिवसावर लोटू नये, कारण मग दोन्ही दिवस बिघडतात. त्या कागदावरील ज्या एक-दोन गोष्टी आठवडाभर थांबू शकत नाहीत, तेवढ्याच दुसऱ्या दिवशी दुपारी कराव्यात आणि बाकीच्या पुढच्या वारासाठी ठेवाव्यात. ज्यांना हे करून पाहायचे असेल, त्यांनी सहाही वार एकदम बांधू नयेत. पहिले दोन महिने फक्त मंगळवार आणि रविवार ठरवावेत, कारण हिशेबाला मुदत असते आणि गुणवत्तेच्या कामाला शांतता लागते. बाकीची कामे आतापर्यंत चालत होती तशी चालू द्यावीत, पण ती कोणत्या वारी जास्त येतात, याची नोंद ठेवत जावी. उरलेले चार वार त्या नोंदीवरून ठरवता येतील.