58व्या वर्षीचं कव्हरिंग लेटर

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण शिरोलीत, गोकुळ शिरगावात नाहीतर कागलच्या एमआयडीसीत नोकरी करून निवृत्त झालेले दिसतात, काही निवृत्तीला टेकलेले. माझी उमेदीची वर्षं गेली फौंड्रीच्या पर्सोनेल खात्यात, म्हणजे दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात. आज एकाच अर्जाबद्दल बोलणार आहे. अर्जदाराला आपण पाटील म्हणू. कोल्हापुरात ते नाव कुणालाही चालतं.

पाटील वाळूतले माणूस. सॅण्ड प्लँट, म्हणजे साच्यांची वाळू तयार करणारा विभाग, सांभाळत आयुष्य गेलं, 58 पूर्ण झाल्यावर कंपनीने निरोप दिला. तब्येत बरी, घरी बसवत नाही, आणि धाकट्या मुलीचं शिक्षण अजून चालू. एका मध्यम फौंड्रीची जाहिरात आली : सॅण्ड प्लँट इनचार्ज पाहिजे, वय 45 पर्यंत. खाजगी नोकरीत अशी अट घालायला आपल्याकडे सरसकट मनाई नाही, त्यामुळे भांडून उपयोग नव्हता. पत्र लिहूनच काय ते होणार होतं.

पहिला खर्डा त्यांनी मला दाखवला. सुरुवातच ‘वय हा केवळ एक आकडा आहे’ अशी. पुढे ‘तरुणाला लाजवेल असा उत्साह’. आणि बायोडाटातून जन्मतारीख गायब, डिप्लोमाचं सालही गायब! आता बघा, गाळलेलं साल हेच वाचणाऱ्याच्या नजरेत आधी भरतं. शिवाय रुजू होताना आधार कार्ड आणि पीएफचा यूएएन नंबर द्यावाच लागतो. मग मालक म्हणतो, हा माणूस रिजेक्शनचा आकडाही असाच झाकेल काय? उत्साहाचं वाक्य तर पहिलं खोडलं. कुणी विचारलं नसताना उत्साहाचं बोलणारा माणूस थकलेलाच वाटतो.

नवीन पत्राची सुरुवात कामापासून केली. मी म्हटलं, अनुभवाची वर्षं मोजू नका, एक दुखणं सांगा जे तुम्ही ओळखलंत. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या पाळीत कास्टिंगमध्ये वाळू अडकल्याचे डाग वाढायचे. मिक्सरपाशी तपासणी व्हायची ती बरोबर यायची. ती तपासणी म्हणजे नळीत सैल वाळू भरायची, वरून ठराविक वजनाचे तीन ठोके द्यायचे आणि वाळू किती टक्के खाली बसली ते बघायचं. याला कॉम्पॅक्टेबिलिटी म्हणतात. आकडा ठीक, तरी माल खराब. सगळे बेंटोनाइटच्या, म्हणजे वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीच्या, पुरवठादाराला शिव्या देत होते.

पाटलांनी तीच तपासणी मोल्डिंग मशिनपाशी केली, तर आकडा बराच खाली. ओतकाम झाल्यावर परत येणारी वाळू इतकी तापलेली होती, की मिक्सरपासून साच्याच्या पेटीपर्यंत पोचेतो तिच्यातलं पाणी उडून जात होतं. मग साच्याच्या कडा भुरभुरतात आणि ती वाळू धातूत जाते. मिक्सरवाला पोरगा पाणी वाढवायचा, की दुसऱ्या दिवशी ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये वाफेच्या पोकळ्या. मूळ आणखी मागे होतं : दुपारी जड कास्टिंगचे पॅटर्न लागोपाठ लावले जायचे. धातू जास्त, त्यामानाने वाळू कमी, म्हणून वाळू तापायची. त्यांनी जड आणि हलके पॅटर्न आलटून पालटून लावायला सांगितले आणि तपासणीची जागा बदलली. नवीन यंत्र घ्यावं लागलं नाही.

हा मजकूर पत्रात सहा ओळींत बसला, आणि तोच पहिला परिच्छेद. फौंड्री चालवणारा माणूस या सहा ओळी वाचतो तेव्हा त्याला स्वतःचा मे महिना आठवतो. वयाकडे तो नंतर येतो. पण येतोच, म्हणून दुसरा परिच्छेद वयाचा. तो जसाच्या तसा वाचून दाखवतो.

‘आपल्या जाहिरातीत वयाची अट 45 आहे, ती मी वाचली आहे. माझे वय 58 आहे. आणखी तीन वर्षे पूर्णवेळ काम करण्याचा माझा विचार आहे आणि तेवढ्या काळात आपल्याकडचा एक माणूस या कामात तयार करून देण्याची माझी तयारी आहे. पहिली आणि दुसरी पाळी मी करू शकतो, रात्रपाळी नियमित जमणार नाही. गुडघ्यामुळे हॉपरच्या शिडीवर दिवसातून एक-दोनदा चढता येते, सतत चढ-उतार जमत नाही. मागच्या कंपनीत माझे प्लँट हेड माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते. त्यांच्या परवानगीने त्यांचा नंबर खाली देत आहे.’

बस्स, एवढंच. यात कुठे माफी नाही, कुठे फुशारकी नाही. अट वाचली आहे हे आधीच सांगितल्यामुळे ‘याला जाहिरात कळली नाही काय’ हा प्रश्न मिटला. तीन वर्षं का लिहिली? कारण मालकाच्या मनात असतं, हा सहा महिन्यांत गावाकडे निघून जाईल. ‘जमेल तितकी वर्षं’ असं लिहिलं असतं तर ती शंका उलट पक्की झाली असती. गुडघ्याचं लिहायला पाटील तयार नव्हते. मी म्हटलं, तुमची शुगर, तुमचं बीपी लिहू नका, त्याचा वाळूशी संबंध नाही. शिडीचा आहे. पहिल्याच आठवड्यात ते दिसणार, मग आधी कळलेलं बरं. आणि लहान साहेबाच्या हाताखाली राहीन, हे नुसतं म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून तिथे वाक्याऐवजी फोन नंबर.

पगाराचं एकच वाक्य ठेवलं : या पदासाठी आपण ठरवलेल्या मर्यादेत बोलायला तयार आहे. ‘मिळेल त्या पगारावर येतो’ असं कृपा करून लिहू नका. मालकाला त्यात बचत दिसत नाही, काहीतरी गडबड दिसते.

शेवटची ओळ मालकासाठी नाही, त्याच्या अकाउंटंटसाठी होती. 58 पूर्ण झाल्यावर पेन्शन योजनेतली वर्गणी सहसा थांबते. कंपनी पीएफसाठी जे 12 टक्के भरते, त्यातले 8.33 टक्के, तेही 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर, एरवी पेन्शनकडे वळतात. 58 नंतर ते पीएफ खात्यातच जातात. कंपनीचा बोजा तेवढाच राहतो. हे माहीत नसलं की अकाउंटंट मालकाच्या कानात सांगतो, साहेब, या वयाच्या माणसाच्या पीएफची भानगड असते. एका ओळीत तो कान मोकळा झाला.

पत्र मराठीतच गेलं, एका पानात. मालक चौतिशीचे. त्यांनी बोलावलं आणि वयावर एक अक्षर विचारलं नाही. थेट प्लँटवर नेलं आणि म्हणाले, काका, आमची वाळू हातात घेऊन सांगा. पाटलांनी मूठ आवळली, गोळा मोडून बघितला आणि थर्मामीटर मागितला. एक वर्षाच्या करारावर घेतलं, पुढचं काम बघून.

हेच पत्र त्यांनी आणखी एका फौंड्रीला पाठवलं होतं. तिथून नकार आला, कारण तिथे तिन्ही पाळ्या फिरत्या आहेत. तेव्हा पाळीचं आणि शिडीचं वाक्य पाठवण्याआधी त्या कारखान्यात ओळखीच्या कुणाकडून विचारून घ्या. शिरोलीत चहाच्या टपरीवर ते अर्ध्या तासात कळतं.