फोनवर सगळं बरं असतं

मंडळींनो, नमस्कार.

चवथीला घरी जाता आलं नाही की फोनवर आपला आवाज जड होतो, आणि आईला तो लगेच कळतो. मग ती काहीच सांगत नाही. "आम्ही बरे आहोत, तू काळजी करू नको." आपली खंत त्यांना दिसते, म्हणूनच ते आपल्यापासून दुखणं लपवतात. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

माझे बाबा फोंड्याला असतात. त्यांना मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. मध्यंतरी ते पहाटे घामाघूम होऊन उठत, डोकं दुखे, कधी आईवरच खेकसत, बोलण्यात गोंधळ होई. आई म्हणायची, "वय झालं रे." एकदा शेजारच्या काकूंनी ग्लुकोमीटर लावला, तर साखर ५८! ७० च्या खाली गेली की ती कमीच समजायची.

कारण स्वयंपाकघरात होतं. घरात दोघंच, रात्री कशाला घाट घालायचा, म्हणून नुसती पातळ पेज आणि तोर. गोळी मात्र पूर्वीच्या पोटभर जेवणाच्या हिशेबाची. शिवाय तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंडं मंदावली की या गोळीचा असर शरीरात जास्त वेळ टिकतो. डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी बंद केली आणि पहाटेचा घाम थांबला. गोळी आपण होऊन मात्र कुणी बंद करू नये, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता आईने भिंतीवर कागद लावलाय. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर आधी साखर मोजायची. कमी असेल आणि बाबा शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. आणि या गोळीमुळे साखर घसरली असेल तर बरं वाटल्यावरही दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी ती पुन्हा घसरू शकते. हे शेवटचं वाक्य काकूंनाही पाठ आहे.

"कसे आहात?" हे मी आता विचारत नाही. तिकडच्या जेवणाच्या वेळी फोन करतो. इथं तेव्हा दुपार असते, कामातून दहा मिनिटं काढतो. "आज ताटात काय आहे, दाखव बघू," असं म्हटलं की आई कॅमेरा फिरवते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या किती उरल्यात तेही त्याच वेळी कळतं, कारण संपल्या तरी बाबा सांगायचे नाहीत. काकूंचा नंबर माझ्याकडे आहे, आणि मी त्यांना सांगून ठेवलंय: आईने "सांगू नका" म्हटलं, तरी मला सांगा.