सरळ रस्त्यावर कळत नाही

[मैदान. शंकूंच्या रांगेतून हळू जाणारी मोटरसायकल. पुढचं चाक जवळून.]

या पुढच्या चाकाकडे बघा. गाडी पायी चालण्याच्या वेगाने चाललीय. चालवणारे सर गाडी शिकवतात आणि पूर्ण शुद्धीत आहेत, तरी हँडल क्षणभरही स्थिर नाही. गाडी डावीकडे कलू लागली की हँडल किंचित डावीकडे वळतं, चाक वजनाखाली येतं आणि गाडी सावरते. लगेच तेच उजवीकडे. गणपतीतल्या हळू सायकलच्या शर्यतीत हेच चाललेलं असतं. चारचाकी नुसती उभी राहते; दुचाकी सतत उभी ठेवावी लागते.

[हायवे. हँडलवरचे हात.]

आता वेग ताशी पन्नास. तेच सर, तेच हात, पण हँडल जवळपास गप्प. या वेगात सावरण्याचं बरंचसं काम गाडी स्वतःच करते. पुढच्या चाकाची बसवणूक अशी असते की गाडी कलली की चाक आपणहून त्या बाजूला वळतं. दोन पेग घेऊन घरी निघालेल्या माणसाला इथेच वाटतं, ‘मला काही होत नाही.’ रस्ता सरळ, गाडी उभी. तोल गाडीने धरलाय, पण श्रेय तो स्वतःकडे घेतो.

[स्टुडिओ. कानाच्या आतल्या नलिकांचं चित्र.]

आपण कललोय हे मेंदूला कळवण्याचं मोठं काम कानाच्या आत चालतं. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांच्यात द्रव असतो आणि जेलीसारखा एक पडदा. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा झुकतो, मेंदूला निरोप जातो. दारू रक्तातून आधी पडद्यात शिरते, द्रवात उशिरा. पडदा द्रवापेक्षा हलका होतो आणि डोकं नुसतं कललं तरी फिरल्याचा खोटा निरोप देतो. पिऊन आडवं झाल्यावर खोली फिरते ती यामुळेच. वर, हातांना बारीक दुरुस्त्या करायला लावणारा लहान मेंदूही दारूने मंदावतो. कळणं चुकतं आणि सावरणंही उशिरा होतं.

[खोली. एक पाय उचलून उभा राहिलेला माणूस. गाडीची किल्ली टेबलावर, भावापुढे.]

पासष्ट किलोच्या पुरुषाने दोन लार्ज, म्हणजे 120 मिली व्हिस्की, दोन तासांत घेतली, तर 100 मिली रक्तात साधारण 60 मिलीग्रॅम मद्यार्क उरतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 आहे. याचं बोलणं स्वच्छ आहे. पाऊल बघा.

[मैदान. खडूच्या रेषा, मोजपट्टी.]

सरांनी जमिनीवर हिशोब मांडलाय. ताशी 40 वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. समोर म्हैस आली. शुद्धीतल्या माणसाला बघून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागला असं धरू. त्यात 11 मीटर गेले, पुढे नीट ब्रेक लावून आणखी 10. एकूण 21 मीटरवर गाडी थांबली, ही पहिली रेष.

प्यालेल्याला फक्त अर्धा सेकंद जास्त द्या. ब्रेक लागायच्या आधीच साडेसोळा मीटर संपले. पहिल्या रेषेवर, जिथे शुद्धीतला थांबला होता, तिथे याची गाडी अजून ताशी 30 च्या आसपास आहे. तेही त्याने ब्रेक नीट लावला तर. दुचाकीला पुढचा ब्रेक आधी हलका, मग घट्ट असा दाबावा लागतो. घाबरून एकदम आवळला की पुढचं चाक अडकतं आणि गाडी खालून निसटते. दारूने हाताचा हा अंदाजच जातो.

[नाकाबंदी, रात्र. थांबणाऱ्या गाड्या.]

इथे पायांकडे लक्ष द्या. गाडी थांबताना सरळ रस्त्याची मदत संपते आणि तोल पुन्हा माणसाकडे येतो. काहींचा पाय उशिरा टेकतो, काही बॅरिकेडच्या पुढे जाऊन थांबतात. फुंकायचं यंत्र नंतर येतं. गतिरोधक, यू-टर्न, खड्डा चुकवणं, घराजवळची गल्ली, सगळीकडे हेच घडतं.

[अपघात विभागाचं दार.]

2022 मध्ये देशात रस्ते अपघातात जीव गेलेल्या दर शंभरात सुमारे 44 जण दुचाकीवरचे होते.

[पहाट. दूधवाला, रिकामा रस्ता.]

यकृत 100 मिली रक्तामागे तासाला साधारण 15 मिलीग्रॅमच साफ करतं. माणसागणिक थोडा फरक पडतो, पण कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. म्हणून रात्री दहा ते एक या वेळात चार लार्ज घेतलेला पासष्ट किलोचा माणूस झोप काढून सकाळी सातला किल्ली उचलतो, तेव्हाही त्याच्या रक्तात साधारण 50 मिलीग्रॅम शिल्लक असतो.