जुन्या व्हीएमसीचे मूल्य: आकडा कुठून येतो?

मंडळी, भोसरीतल्या एका शेडमधली 2015 सालची व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे संगणकी कटाई मशीन, मी गेल्या वर्षी मूल्य ठरवायला पाहिली. मालकाने जाहिराती दाखवल्या. कोणी बारा लाख मागतोय, कोणी तेरा. अहवालात यातली एकही घेतली नाही, कारण मागितलेली किंमत म्हणजे झालेला सौदा नव्हे. मला बिल झालेले, पैसे हाती पडलेले व्यवहार हवे होते. तसे तीन मिळाले.

पहिली 2017 ची, त्याच मॉडेलची, अकरा लाखांना गेलेली. दुसरी 2014 ची, साडेआठ लाखांची. तिसरी बँकेच्या लिलावातली, सव्वासहा लाखांची. ही तिसरी मी अहवालात नोंदवली, पण हिशेबात धरली नाही. तिथे घेणाऱ्याला मशीन चालवून बघता आले नव्हते आणि विकणाऱ्याला थांबायला वेळ नव्हता. माझ्या मालकाला तीन-चार महिने थांबता येणार होते.

आता उरलेल्या दोन मशीन आपल्या मशीनच्या पातळीवर आणायच्या. त्या बाजारात एका वर्षाच्या फरकाला साधारण पन्नास हजार पडतात, असे मी सौद्यांवरून धरले. पहिलीतून दोन वर्षांचे एक लाख वजा केले, दुसरीत एका वर्षाचे पन्नास हजार मिळवले. दहा आणि नऊ लाख झाले.

पण त्या दोन्हींचे स्पिंडल, म्हणजे हत्यार धरून फिरवणारा भाग, ठणठणीत होते. आपले गार असताना शांत चालायचे. अर्धा तास वरच्या आरपीएमवर ठेवले, तेव्हा बेअरिंगचा आवाज सुरू झाला आणि त्यात बसवलेल्या मँड्रेलच्या दांड्यावर डायल लावल्यावर रनआउट, म्हणजे फिरतानाची डगमगही वाढलेली दिसली. म्हणून स्पिंडल नेहमी तापवून तपासा. दुरुस्तीचे कोटेशन सव्वा लाखाचे आले, ते दोन्हींतून वजा केले. इथे एक चूक फार होते: वर्षांच्या वजावटीत नेहमीची झीज आलेलीच असते, ती ‘झीज’ म्हणून पुन्हा कापायची नाही. सव्वा लाख फक्त या बिघाडाचे.

म्हणून किमतीचा पट्टा पावणेआठ ते पावणेनऊ लाख. एकच आकडा द्या, असा मालकाचा आग्रह होता. पण दोन सौद्यांत लाखाची तफावत उरत असताना एक आकडा लिहिणे खोटे ठरले असते. पडताळा म्हणून नव्या मशीनची अठ्ठावीस लाख किंमत आणि पंधरा वर्षांच्या आयुष्यापैकी उरलेली पाच वर्षे धरली. सुमारे 9 लाख 33 हजार येतात, दुरुस्ती वजा जाता आठ लाख आठ हजार. पट्ट्यात बसते.

गृहीतके मी आकड्याच्या लगेच खाली लिहितो, शेवटच्या पानावर नाही. जीएसटी वेगळा. मशीन उचलून नेण्याचा खर्च घेणाऱ्याचा. मशीनवर कर्जाचा बोजा नाही. आणि कंट्रोलरच्या पॅरामीटर्सचा, म्हणजे मशीनच्या सेटिंग्जचा, बॅकअप सोबत मिळेल. हा शेवटचा मुद्दा मालकाला किरकोळ वाटला होता. कंट्रोलरची बॅटरी संपून पॅरामीटर्स गेले आणि बॅकअप नसला, तर मशीन उभेच राहते. मग माझा पट्टा लागू होत नाही, हेही मी तिथेच लिहिले.