मागणी त्यांची, पिन तुमचा

नमस्कार श्रोतेहो.

यूपीआयनं पैसे द्यायचे म्हणजे आपण काय करतो? दुकानातला क्यूआर कोड स्कॅन करतो, रक्कम टाकतो, पिन टाकतो. सुरुवात आपण करतो. पण यूपीआयमध्ये याच्या उलटी वाटही पहिल्यापासून आहे. तिच्यात सुरुवात पैसे घेणारा करतो. तो आपल्या नावे मागणी पाठवतो, ती आपल्या मोबाइलवर येऊन थांबते, आणि आपण हो म्हटलं तरच पैसे जातात. हिला म्हणतात कलेक्ट रिक्वेस्ट. आज तिच्याबद्दल बोलू, कारण गेल्या काही वर्षांत तिच्यामुळे जितकी सोय झाली तितकेच लोक फसलेही, आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून तिचा अर्धा भाग बंद झाला आहे.

दुकानाचं एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरातल्या एका दुकानाच्या वेबसाइटवरून तुम्ही चपलांची जोडी मागवताय. बिल झालं 1,450 रुपये. पैसे भरायच्या पानावर यूपीआय निवडलं की काही वेबसाइटवर एक रिकामा रकाना येतो, त्यात तुमचा यूपीआय आयडी लिहायचा. आयडी म्हणजे आधी तुमचं नाव किंवा मोबाइल नंबर, मग ॲटचं चिन्ह, आणि त्यानंतर एक छोटा शब्द. या छोट्या शब्दाला हँडल म्हणतात. पुष्कळांना तो शोभेचा वाटतो, पण तुमची मागणी कोणत्या ॲपच्या दारात टाकायची, हे त्याच्यावरूनच ठरतं. एकाच माणसाच्या फोनवर दोन ॲप असतात, दोन्हींची हँडल वेगळी असतात. आयडी एका ॲपचा लिहायचा आणि मागणीची वाट दुसऱ्या ॲपमध्ये बघत बसायचं, ही रोजची गंमत आहे.

आयडी लिहून पुढे गेलात की दुकानाच्या बाजूची बँक ती मागणी एनपीसीआयकडे देते. एनपीसीआय म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन. ती हँडल वाचते आणि मागणी तुमच्या ॲपकडे धाडते. फोन वाजतो. वेबसाइटवर तोवर उलटं घड्याळ सुरू झालेलं असतं, बहुतेकदा काही मिनिटांचं. मागणीची मुदत पाठवणारा ठरवतो; वेळ टळली की ती आपोआप रद्द होते.

आता तुमच्या पडद्यावर काय दिसतं, ते नीट पाहू. मागणाऱ्याचं नाव, त्याचा यूपीआय आयडी, 1,450 ही रक्कम, आणि खाली एक छोटी टीप, म्हणजे ऑर्डर नंबर वगैरे. त्याखाली दोन बटणं. एक पैसे द्यायचं, एक नाकारायचं. पैसे द्यायचं दाबलं की पिनचं पान उघडतं. पिन तुमच्या खात्याची बँक तपासते, 1,450 रुपये वजा करते, आणि मग दुकानाच्या खात्यात ते जमा होतात. दोन्हीकडे संदेश येतो.

नावाच्या बाबतीत थोडी गडबड होते. दुकानाच्या पाटीवर एक नाव, आणि मागणीवर भलतंच काहीतरी. ते बरेचदा मालकाच्या नोंदणीकृत फर्मचं असतं, किंवा दुकानासाठी पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट कंपनीचं. त्यामुळे नाव अनोळखी दिसलं म्हणजे लबाडीच, असं नाही. पडताळा घ्यायचा तो असा: या क्षणी मी स्वतः काही विकत घेतो आहे का, आणि रक्कम पैशापर्यंत जुळते आहे का? दोन्हींचं उत्तर होय असेल तर पुढे जा. तुम्ही काहीच मागवलेलं नसताना मागणी आली, तर तिच्यावर लिहिलेलं नाव कितीही भारदस्त असो, नाकारा.

फोन वाजलाच नाही तर? घाईनं वेबसाइटवर दुसऱ्यांदा मागणी पाठवू नका. आधी ॲप उघडा. बॅटरी वाचवायच्या सेटिंगमुळे सूचना अडकते, पण मागणी ॲपच्या आत पडून असते. दुसरी मागणी पाठवली आणि मग पहिलीही सापडली, तर दोन्हींना हो म्हणणारे कमी नाहीत. यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे व्यवहार आहेत, 1,450 दोनदा जातात, आणि मग परताव्यासाठी दुकानदाराच्या मागे लागावं लागतं.

दुसरी अडचण जरा मनस्ताप देणारी. पैसे खात्यातून गेले, वेबसाइट मात्र म्हणते व्यवहार फसला. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार, दुकानापर्यंत खात्रीचा संदेश न पोचलेला असा व्यवहार पुढच्या 5 दिवसांत आपोआप उलटला पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची आहे. तक्रार करताना ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलातला 12 आकडी संदर्भ क्रमांक द्या. बँकेत तोच विचारतात.

आता मित्राकडे येऊ. चौघं तारकर्लीला जाऊन आले, खर्च झाला 5,600 रुपये, तो एकीनं भरला. प्रत्येकाच्या वाट्याला 1,400. पूर्वी तिनं ॲपमधून तिघांना 1,400 ची मागणी पाठवली असती, तिघांनी पिन टाकला असता, 4,200 जमा. तोंडानं मागायचा संकोच वाचायचा, आणि हिशेब लिहिलेला राहायचा. अशा आपसातल्या मागणीला एका वेळी 2,000 रुपयांची मर्यादा होती. ती मर्यादाच सांगते की ठगांचा वावर तेव्हाही डोळ्यासमोर होता.

ठगांची रीत अशी असायची. तुम्ही जुनं वॉशिंग मशीन विकायला जाहिरात दिलीत. फोन येतो, माणूस घासाघीस करत नाही. म्हणतो, ॲडव्हान्स पाठवतो, तुमच्या ॲपवर आलेलं स्वीकारा आणि पिन टाका म्हणजे जमा होईल. पडद्यावर खरोखरच काहीतरी आलेलं असतं. टिपेत इंग्रजीत Refund किंवा Advance लिहिलेलं असतं. विकणारा पिन टाकतो, आणि पैसे यायच्याऐवजी जातात.

इथली मेख त्या टिपेत आहे. मागणीवरचं नाव बँकेच्या नोंदीतून येऊ शकतं. टीप मात्र मागणारा स्वतः टाइप करतो. तिथे तो बक्षीस लिहील, सबसिडी लिहील, वाटेल ते लिहील, कुणी तपासत नाही. पण पिनचं पान टिपेला जुमानत नाही. तिथे रक्कम असते, ती कुणाला जाणार त्याचं नाव असतं, आणि कोणत्या खात्यातून जाणार ते असतं. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पैसे तुमच्या नकळत, तुम्ही झोपलेले असतानाही जमा होतात. पिन विचारला गेला, याचा अर्थ पैसे बाहेर निघाले आहेत, किंवा तुम्ही शिल्लक बघताय.

याच फसवणुकीमुळे एनपीसीआयनं जुलै 2025 मध्ये बँकांना आणि ॲपना कळवलं, आणि 1 ऑक्टोबरपासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवणं बंद झालं. माझं मत विचाराल तर निर्णय योग्यच होता. तारकर्लीच्या वर्गणीची सोय गेली, पण तिला पर्याय आहेत. कोणा अनोळखी माणसाला तुमच्या पडद्यावर मागणी आणून ठेवता येणं, ही सोय जितकी मित्राची होती त्याहून जास्त ठगाची होती.

मग मैत्रिणीनं आता काय करायचं? बऱ्याच ॲपमध्ये स्वतःचा क्यूआर कोड उघडून त्यात रक्कम भरता येते. 1,400 भरा, तो कोड ग्रुपवर पाठवा. समोरच्यानं तो आपल्या ॲपमध्ये उघडला की नाव आणि रक्कम भरलेलीच दिसते. फरक इतकाच, की सुरुवात आता देणाऱ्याच्या बोटानं होते. ठगही अर्थात इकडे वळले आहेत. पैसे मिळवायला हा कोड स्कॅन करा, असं कुणी म्हणालं तर वॉशिंग मशीनचीच गोष्ट पुन्हा सुरू झाली, हे ओळखा.

दुकानांची मागणी त्या बंदीत नव्हती. पण तिथेही ही वाट अरुंद होत चालली आहे. अनेक वेबसाइटवर आयडी लिहायच्या रकान्याऐवजी क्यूआर कोड दिसतो, किंवा थेट तुमचं ॲप उघडणारं बटण. त्यात हँडल चुकायची भीतीच राहत नाही.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. कलेक्ट रिक्वेस्टसारखीच दिसणारी दुसरी मागणी असते, ऑटोपेची. एखादं ॲप म्हणतं, महिनाभर वापरून बघा, फक्त 1 रुपया. तुम्ही 1 रुपयासाठी पिन टाकता. पण त्या पडद्यावर Autopay किंवा Mandate हा शब्द असतो, दर महिना किंवा दर वर्ष असं लिहिलेलं असतं, शेवटची तारीख आणि जास्तीत जास्त रक्कम असते. कलेक्ट रिक्वेस्टला होकार दिला की पैसे एकदाच जातात. इथला होकार पुढच्या सगळ्या हप्त्यांसाठी असतो. साधारणपणे 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा पिन विचारला जात नाही, फक्त 24 तास आधी सूचना येते. नको असेल तर ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन तो होकार रद्द करता येतो. वर्गणी घेणारं ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे तो रद्द होत नाही.

आणि नको असलेली मागणी नुसती पडू द्यायची की नाकारायची? नाकारा. पडून राहिलेली मागणी मुदत संपेपर्यंत जिवंत असते, आणि घरातल्या कुणाच्या बोटाखाली येऊ शकते. नाकारताना पिन लागत नाही. बऱ्याच ॲपमध्ये तिथेच त्या आयडीला ब्लॉक करायची सोय असते, तीही वापरा. पिन टाकून बसला असाल, तर ठगाला परत फोन करून भांडण्यात वेळ घालवू नका. आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मग बँकेला. तो 12 आकडी क्रमांक हाताशी ठेवा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तिथे अडवता आले, तरच परत मिळायची शक्यता असते.

नमस्कार.